रिकाम्या घराची ओवी

आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं घर आता वर्षाचे बहुतेक दिवस बंद असतं. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, ओटी, माजघर, मागे पडवी. त्या घराच्या तोंडी एक गाणं लिहावं असं मनात आलं, तेव्हा वृत्ताचा प्रश्न पडला नाही. जात्यावरच्या ओव्या त्याच माजघरात म्हटल्या जायच्या. प्रश्न होता तो घर बोलेल काय, हा.

‘पाखरं उडाली, घरटं ओस पडलं’ ही ओळ कुणालाही आयती सुचेल. पण घराला चेहरे कुठे आठवणार? त्याला कळतं ते धूर, पाणी आणि पावलं. म्हणून पहिली ओवी अशी झाली:

कौल एक सरकलं,
पाणी आढ्याला मुरलं,
लाकडाला पोखरलं
वाळवीनं.

घर मोडतं ते याच क्रमाने. माकडं छपरावरून उड्या मारतात, एखादं कौल फुटतं किंवा खाली घसरतं. राहत्या घरात पहिल्याच सरीला ओटीवर थेंब पडतो आणि कुणीतरी काठीने कौल वर सारतं. बंद घरात तोच थेंब अख्खा पावसाळा रिपेवर आणि वाशावर पडत राहतो. ओलं लाकूड कुजतं आणि ओलाव्याच्या वाटेने वाळवी चढते. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली की समजावं, ती आत शिरली. माझी काकू कोयत्याच्या मुठीने वासा ठोकून बघायची. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर वरून धड दिसणारा वासाही आतून पोकळ झालेला असायचा. चूल पेटती असताना धुराने वासे काळे पडत, कोरडे राहत, किडीलाही तो धूर मानवत नसे. चुलीची ही राखण कुणी मोजत नव्हतं. चूल विझली तेव्हा ती कळली.

इथवर आल्यावर गाणं वेगळ्याच वाटेला लागलं. जात्यावरच्या ओवीत बाई माहेराबद्दल गाते. म्हणजे सुटलेल्या घराचं गाणं आपल्याकडे जुनंच आहे, फक्त ते गायचं ते घर सोडून गेलेल्या लेकीने. लेकी पिढ्यान्‌पिढ्या घरं सोडत आल्या, पण त्यामुळे घर ओस पडलं असं कुणी म्हटलं नाही. बाप्ये गिरण्यांत कामाला मुंबईला गेले, तेव्हाही घर ओस पडलं नाही. मनीऑर्डर येत राहिली, चूल पेटत राहिली.

लेक गेली सासराला,
बाप्या गेला शहराला,
सून होती उंबऱ्याला,
दिवा लावी.

या सुनेची खूण जनगणनेतही दिसते. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आमच्या घराला कुलूप लागलं ते बाप्ये गेले तेव्हा नाही, तर काकू गुडघ्यांपायी मुलाकडे डोंबिवलीला गेली तेव्हा. शेणाने जमीन सारवणं, परसातली वाट मोकळी ठेवणं, वासा ठोकून बघणं हे सगळं तिच्याबरोबर थांबलं. घराचा आवाज म्हणून मी जो शोधत होतो, तो पुष्कळसा तिचाच निघाला.

गणपतीला आम्ही सगळे येतो. घर उघडतं, आरत्या होतात, गळकी जागा प्रत्येकाला दिसते. पण भाद्रपदात कौलं शेवाळलेली असतात, ओल्या छपरावर चढता येत नाही आणि बहुतेक पाऊस तोवर आत येऊन गेलेला असतो. छपराचं काम चैत्र-वैशाखातलं. कौलं उतरवायची, कुजलेली रीप बदलायची, धड कौलं परत बसवायची. तेव्हा कुणाला रजा नसते. त्यातून घर सगळ्या भावंडांच्या सामाईक नावावर, त्यामुळे खर्चाचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याकडे बघतो. शेवटी निळं प्लास्टिक अंथरलं जातं. त्याने वरचं पाणी काही काळ अडतं, पण खालचा मुरलेला ओलावाही तिथेच कोंडतो.

म्हणून शेवटच्या ओवीत ‘परत या’ अशी हाक घातली नाही. पोटापाण्यासाठी गेलेली माणसं गाण्याने परतत नाहीत, आणि त्यांना अपराधी वाटायला लावून घराला काही मिळत नाही. त्याचं मागणं त्याहून थोडं आहे:

एक चूल पेटवावी,
कौलं चार बसवावी,
विहीर ती उपसावी
वैशाखात.

चुलत भावाने ही ओवी वाचली आणि विचारलं, ‘हे गाणं की कामांची यादी?’ जात्यावरच्या ओवीतही दळण, पाणी, सारवण, सासर-माहेर असंच सगळं असे. काम करता करताच ती गायली जाई. काम सोडून नुसती हुरहुर ठेवली, तर ते गाणं शहरात बसून घराची आठवण काढणाऱ्या आमचं होईल. घराचं गाणं म्हणायचं तर ती यादी त्यात असायलाच हवी.