‘प्रिय’ नव्हे, ‘यांस’

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्या एका काकूंना वर्षातून एक-दोनदा जर्मनीहून पत्र येतं. त्यांचे यजमान बरीच वर्षं तिकडच्या कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर काकूंना तिथल्या निवृत्तिवेतन कार्यालयाकडून विधवा-वेतन मिळू लागलं. काकू बाजारात कन्नड बोलतात, घरात मराठी बोलतात आणि वाचतातही मराठीच. पत्र आलं की मला निरोप येतो, “जरा मराठीत लिहून दे गं, नीट वाचता येईल असं.” मागच्या पत्रातला मजकूर मी तासाभरात उतरवला. अडले ते पहिल्याच ओळीवर. ती ओळ होती ‘झेर गेएर्टे फ्राउ’ आणि पुढे काकूंचं आडनाव. इथे आपण ते जोशी धरू.

जर्मनमध्ये ‘एरे’ म्हणजे मान. त्यावरून ‘गेएर्ट’, म्हणजे ज्याला मान दिला आहे तो, आणि ‘झेर’ म्हणजे फार. शब्दाला शब्द ठेवला तर ‘अत्यंत सन्माननीय श्रीमती जोशी’ असा मायना होतो. पण सन्माननीय हा शब्द आज मराठीत पत्रावर राहत नाही, फलकावर राहतो. निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी किंवा सभेत अध्यक्षांच्या नावाआधी तो येतो. कार्यालयाच्या साध्या पत्रावर तो वाचून काकूंना वाटलं असतं की आपला सत्कार तरी आहे किंवा हे लोक आपल्याकडून काहीतरी काढू पाहत आहेत. जर्मन वाचणाऱ्याला यातलं काहीच वाटत नाही. वीजबिलाच्या थकबाकीचं पत्रही याच शब्दांनी सुरू होतं. नाणं इतकं हाताळलं गेलं आहे की त्यावरचा मुखवटा पुसला गेला आणि किंमत तेवढी उरली. भाषांतरात उतरवायची ती किंमत.

दुसरी वाट इंग्रजीवरून जाते, आणि बंगळूरमध्ये तीच जास्त वापरली जाते. इथल्या जर्मन कंपन्यांची परिपत्रकं आधी इंग्रजीत येतात आणि मग इंग्रजीवरून मराठीत किंवा कन्नडमध्ये जातात. जर्मनमध्ये ‘झेर गेएर्टे’ आणि ‘लीबे’ हे दोन वेगळे मायने आहेत. पहिला परक्यासाठी, दुसरा ओळखीच्या माणसासाठी. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, ‘डिअर’. तिथेच फरक बुजतो, आणि मराठीत पोचेपर्यंत त्याचं ‘प्रिय’ होऊन बसतं. मराठीत ‘प्रिय’ अजून झिजलेला नाही. तो मैत्रिणीला, भावाला, नवऱ्याला लिहितात. कधीही न पाहिलेला अधिकारी सत्तरीच्या बाईंना ‘प्रिय श्रीमती जोशी’ म्हणतो, तेव्हा त्यात आदर नसतो. न मागितलेली जवळीक तेवढी असते.

मग ‘महोदया’? शाळेत अर्ज लिहायला शिकवताना आपल्याला हाच शब्द दिला गेला. पण जर्मन पत्रव्यवहारात एक नेमकी रेषा आहे. नाव ठाऊक नसेल तर ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’ लिहायचं, म्हणजे बायका आणि पुरुष दोघांनाही. नाव ठाऊक असेल तर ते लिहायलाच हवं. न लिहिणं म्हणजे समोरचं माणूस कोण आहे ते पाहण्याचे कष्ट न घेणं. इंदिरानगरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांना या रेषेवर पुन्हा पुन्हा आणलं जातं ते यासाठीच. म्हणून ‘महोदय, महोदया’ ही जोडी अनामिक पत्रासाठी अगदी योग्य आहे. काकूंच्या पत्रात मात्र ती नाव पुसून टाकते.

उत्तर मला आपल्याच जुन्या पत्रांत सापडलं. दोन्ही भाषांनी एके काळी मायन्याची उंच शिडी उभारली होती. जर्मनीत कुळाप्रमाणे ‘वोलगेबोरेन’, म्हणजे सुजात, आणि त्याच्या वर ‘होखवोलगेबोरेन’ असे दर्जे होते. 1919च्या वायमार राज्यघटनेने उमरावांचे विशेषाधिकार काढून घेतले आणि पुढे हे मायनेही मागे पडले. आपल्याकडे कोणाला काय लिहावं हे सांगणारे लेखनप्रशस्तीचे ग्रंथच होते. त्यातला ‘राजमान्य राजश्री’ पुढे ‘रा. रा.’ एवढा आखूड होऊन कोणाही गृहस्थाच्या नावाआधी लागू लागला. ‘गेएर्ट’चा खरा मराठी भाऊ तोच: राजाने मान दिलेला, आणि वापरून सर्वांचा झालेला. आज तो लिहिला तर पत्र संग्रहालयातून आल्यासारखं वाटेल. पण त्या मायन्याचा सांगाडा अजून जिवंत आहे. आधी नाव, मग ‘यांस’, मग लिहिणाऱ्याचा नमस्कार, मग ‘विनंती विशेष’.

या सांगाड्यात मान विशेषणात नसतो. तो ‘यांस’मध्ये असतो, कारण एकाच व्यक्तीसाठी तिथे अनेकवचन येतं, आणि तो लिहिणाऱ्याच्या वाकण्यात असतो. ‘स. न. वि. वि.’मधलं ‘सप्रेम’ जर्मन ‘झेर’इतकंच झिजलं आहे, म्हणून ते कोणाला टोचत नाही. पूर्ण शब्दांत ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं की मात्र प्रेम पुन्हा वर येतं, म्हणून आद्याक्षरंच ठेवावीत. आणखी एक जुळणी मला फार आवडली. जर्मन मायन्यानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने सुरू होतं, म्हणजे हाक आणि मजकूर मिळून एकच वाक्य मानलं जातं. आपलं ‘यांस, स. न. वि. वि.’ हेही तसंच मजकुरात वाहत जातं.

‘फ्राउ’चा प्रश्न उरला. पश्चिम जर्मनीच्या सरकारी पत्रव्यवहारातून अविवाहितेसाठीचं ‘फ्रॉइलाइन’ 1972 मध्ये गेलं. तेव्हापासून प्रत्येक प्रौढ स्त्री ‘फ्राउ’. काकूंच्या नावाआधी मात्र नात्यातल्या लग्नपत्रिकांवर अजून ‘गं. भा.’ छापलं जातं. गंगाभागीरथी हा शब्द कितीही पवित्र असला तरी तो त्यांना दर वेळी वैधव्याची आठवण करून देतो. ‘फ्राउ’ त्यांना नवरा आहे का हे विचारत नाही, म्हणून भाषांतरानेही ते विचारू नये. मी ‘श्रीमती’ लिहिलं. काही जणींना त्यातही विधवा ऐकू येते हे मला ठाऊक आहे, पण याहून मोकळा शब्द मराठीने अजून मला दिलेला नाही. समोरची व्यक्ती डॉक्टर असती तर जर्मन ‘फ्राउ डोक्टर’ असं दोन्ही ठेवते, मराठीत ‘डॉ. जोशी यांस’ पुरतं.

मायना ठरला की पुढच्या प्रत्येक क्रियापदाचा सूर ठरतो. जर्मनमधल्या आदरार्थी ‘झी’साठी मी सगळीकडे ‘आपण’ ठेवलं. मध्येच ‘तुम्ही’ आलं असतं तर वरचा मान उसना वाटला असता. शेवटी जर्मनमध्ये मैत्रीपूर्ण शुभेच्छा होत्या, तिथे ‘कळावे’ लिहून खाली अधिकाऱ्याचं नाव दिलं.

हे सारं कामी आलं ते पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात. विधवा-वेतन पुनर्विवाह झाल्यास थांबतं, म्हणून कार्यालयाने तसं काही झालं आहे का ते विचारलं होतं. ‘प्रिय’ने सुरू झालेल्या पत्रात हा प्रश्न कसा वाचला गेला असता याची मला कल्पना करवत नाही. मी लिहिलं, “श्रीमती जोशी यांस, स. न. वि. वि. आपल्या वैवाहिक स्थितीत बदल झाला असल्यास तसे कळवावे, ही विनंती.” काकूंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, ‘बदल नाही’ या चौकटीत खूण केली आणि सही करायला पेन मागितलं.