माती चाटणारी गाय

चि. स्वप्नील,

तुझी दुसऱ्या वेताची गाय गव्हाणीची माती चाटते, वाळत घातलेलं लुगडं चघळते आणि विऊन ४ महिने झाले तरी माजावर आलेली नाही, असं तू लिहिलंस. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे आणि ते तिच्या चाऱ्यात आहे.

तू वाढे आणि कडब्यावर भागवतोस. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. कडब्यात स्फुरद मुळातच थोडं. तिकडे गाय रोज १२ लिटर दूध देते. लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि ग्रॅमभर स्फुरद जातं, म्हणजे रोज १५ ग्रॅम कॅल्शियम आणि १०-१२ ग्रॅम स्फुरद नुसतं दुधातून बाहेर पडतं. ही तूट ती हाडांतून भरून काढते. शरीर आधी जीव आणि दूध सांभाळतं, माज मागे पडतो. आला तरी मुका येतो, आपल्याला कळतही नाही. भरवलेली गाय पुन्हा पुन्हा उलटण्यामागेही हे कारण असू शकतं.

पण आधी शेण तपासून घे. पोटात जंत असले तरी जनावर माती खातं, आणि जंत ठेवून घातलेला खुराक वाया जातो. जंतनाशक दिल्यावर आठवड्याने खनिज मिश्रण सुरू कर. पिशवीवर आयएसआय चिन्ह बघ, कॅल्शियम २० टक्के आणि स्फुरद १२ टक्क्यांच्या आसपास हवं. कॅल्शियमच्या नुसत्या बाटलीने स्फुरद, जस्त, तांबं भरून निघत नाही. रोज ५० ग्रॅम, दूध वाढलं तर त्याहून जास्त, १०० पर्यंत. भिजवलेल्या पेंडीत नीट कालव. पाण्याच्या टाकीत टाकलंस तर सगळं तळाशी बसेल. मीठ नसलेलं मिश्रण असेल तर ३० ग्रॅम मीठ वेगळं घाल. मीठ मात्र मिश्रणाची जागा घेत नाही.

माती चाटणं काही आठवड्यांत कमी होईल, माजाला दोन-एक महिने लागतील. तोवर हाडं, प्लास्टिक, तारा तिच्या वाटेत नकोत. कुजक्या हाडातल्या विषाने गाय लुळी पडून दगावते, आणि पोटात गेलेलं प्लास्टिक मिश्रणाने बाहेर येत नाही.

दोन महिन्यांनीही माज दिसला नाही, तर पशुवैद्याकडून गर्भाशय तपासून घे. गाय हडकलेली असेल तर पेंडही वाढवावी लागेल. आणि एक लक्षात ठेव, एखादं जनावर अचानक दगडं-लाकडं चावू लागलं, लाळ गाळू लागलं, आवाज बदलला, तर तोंडात हात घालू नकोस. ते पिसाळलेलंही असू शकतं. लगेच डॉक्टरांना बोलाव.

तुझा,
आबाकाका