मागणं नसलेलं स्तवन



मूलाचारात सहा आवश्यकं सांगितली आहेत. त्यातलं दुसरं म्हणजे चतुर्विंशतिस्तव, चोवीस तीर्थंकरांच्या गुणांचं स्तवन. आजचा स्वाध्याय त्यावरच आहे, पण या वेळी निमित्त थोडं वेगळं आहे. श्रावण शुद्ध सप्तमीला पार्श्वनाथ भगवंतांचं मोक्षकल्याणक. त्या दिवशी म्हणण्यासाठी मराठीत एक साधं स्तवन लिहायचं, असं उचगावात आमच्या छोट्या स्वाध्याय गटात ठरलं. अट एकच होती: स्तवनात गुण असतील, मागणं नसेल.

अट ऐकायला सोपी वाटते. लिहायला बसलं की प्रश्न उभा राहतो. जे वीतराग आहेत, ते स्तुतीने खूश होत नाहीत आणि निंदेने रागावत नाहीत. ते काही देणार नाहीत, मग स्तुती करायची कशासाठी?

आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात हाच प्रश्न सरळ घेतला आहे, वासुपूज्य भगवंतांच्या स्तवनात. त्यांच्या उत्तराचा भाव असा: भगवंतांना आपल्या पूजेशी काही देणंघेणं नाही, निंदेशीही नाही, तरीही त्यांच्या पवित्र गुणांची आठवण आपल्या चित्तातला मळ धुते. म्हणजे स्तुतीचं फळ आहे, पण ते तिकडून पाठवलं जात नाही. ते इथेच, म्हणणाऱ्याच्या परिणामांत घडतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तिकडे रिक्वेस्ट घेणारा सर्व्हर नाही. जो बदल होतो तो पूर्णपणे आपल्याच मशीनवर होतो.

हे एकदा मान्य केलं की लिहिण्याचा नियम आपोआप निघतो. गुणांच्या आठवणीने चित्त बदलत असेल, तर ओळीत खरा गुण असायला हवा. नुसता सूर आणि विशेषण पुरत नाही.

गटात पहिल्या बैठकीला आम्ही एक काम केलं. प्रत्येकाने सुचेल ती ओळ कागदावर लिहिली आणि मग फक्त क्रियापदं तपासली. ‘दे’, ‘तार’, ‘राख’, ‘पाव’, ‘दूर कर’ अशी आज्ञार्थी रूपं लगेच दिसतात, ती खोडली. दुसरा थर थोडा लपलेला असतो: ‘मिटो’, ‘लाभो’, ‘व्हावे’. इथे देवाला हुकूम नाही, पण इच्छा आहेच. तिसरा थर तर क्रियापदात नसतोच. ‘कृपाळू’, ‘दाता’, ‘संकटमोचक’ अशी नावं आपण स्तुती म्हणून लिहितो, पण त्यांच्या पोटात मागणंच दडलेलं असतं. ‘तू दाता आहेस’ म्हणणारा हात पुढे करूनच उभा असतो. आणि शेवटी फलश्रुती: जो हे गाईल त्याला अमुक मिळेल. तिथे तर मागणं गाणाऱ्याच्या वतीने आधीच लिहून ठेवलेलं असतं.

एवढं सगळं काढल्यावर कागदावर जे उरलं ते बरंचसं वैभव होतं: छत्र, चामर, सिंहासन, देवदुंदुभी. अरिहंतांचे ४६ मूलगुण आपण पाठशाळेत पाठ केलेत. त्यात ३४ अतिशय, ८ प्रातिहार्य आणि ४ अनंतचतुष्टय. अनंत दर्शन, ज्ञान, सुख आणि वीर्य हे चारच खऱ्या अर्थाने आत्म्याचे गुण आहेत. बाकी ४२ शरीराचे किंवा भोवतालचे. आप्तमीमांसेच्या सुरुवातीलाच समंतभद्राचार्य भगवंतांना म्हणतात की देवांचं येणं, आकाशातून चालणं, चामरं ढाळली जाणं हे तर मायावी जादूगारांकडेही दिसतं; तेवढ्यावरून तुम्ही आम्हाला महान नाही. म्हणून आम्ही एक साधी कसोटी लावली. ओळीतलं भगवंतांचं नाव काढून तिथे एखाद्या राजाचं नाव घाला. ओळ तशीच चालली, तर ती तीर्थंकरांची स्तुती नव्हे.

या कसोटीला टिकणारा प्रसंग पार्श्वनाथांच्या चरित्रातच आहे. ते ध्यानात उभे असताना पूर्वजन्मींचा वैरी कमठाचा जीव वादळ, पाऊस आणि शिळा घेऊन तुटून पडला. धरणेंद्र आला आणि त्याने फणांचं छत्र धरलं. आपल्या मंदिरांतल्या मूर्तीवर हा फणा आपण रोज पाहतो. पण कमठ बहुतेक मूर्तींत दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांना फक्त रक्षण दिसतं आणि मनात येतं, ‘माझंही असंच रक्षण कर.’ वेरूळच्या जैन लेण्यांत मात्र फणा आहे आणि चारी बाजूंनी हल्ला करणारी कमठाची मंडळीही आहेत. मधोमध भगवंत स्थिर. समंतभद्रांच्या पार्श्वस्तवनातही ढग, वीज, वारा आणि फणा असं दोन्ही येतं. गुण दिसायला दोघेही लागतात. कारण गुण ‘वाचले’ यात नाही. एक मारतोय, एक झाकतोय आणि चित्त दोघांकडे सारखंच आहे, यात गुण आहे.

मग ओळी सुचल्या. चाल सगळ्यांना जमावी म्हणून प्रत्येक ओळ १६ मात्रांची, आठ-आठच्या दोन तुकड्यांत:

मेघ कोसळे, वीज कडाडे,
पार्श्वजिनांचे ध्यान न मोडे.

एक लोटतो शिळा तनूवर,
एक उभारी फणा शिरावर.

दृष्टी दोघांवरती निर्मळ,
क्रोधाची ना लोभाची झळ.

इथे मराठीत लिहिणाऱ्याने एका शब्दाला जपायला हवं. ‘वीतराग’मधला राग म्हणजे आसक्ती, ओढ. आपल्या बोलीत राग म्हणजे संताप. ‘प्रभूंना राग नाही’ असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, भगवंत चिडत नाहीत एवढंच. मग अर्धा गुण हरवतो, आणि हरवतो तो नेमका अवघड अर्धा. कमठावर न चिडणं आपल्याला कल्पनेत तरी जमतं. धरणेंद्राने उपकार केल्यावर त्याच्याकडे ओढ न वाटणं, हे सुचतही नाही. म्हणून ‘क्रोध’ आणि ‘लोभ’ असे दोन शब्द वेगळे ठेवले.

शेवटचं कडवं सर्वांत अवघड. शेवट आला की हात जोडून काहीतरी मागायची सवय जिभेला असते. ‘मलाही अशी समता लाभो’ ही ओळ एकाने सुचवली. मागणं चांगलं आहे, पण मागणंच आहे. बऱ्याच चर्चेनंतर हे राहिलं:

तुझ्या गुणांची ओळख होता
क्रोध स्वतःचा दिसतो आता.

यात कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. गुण पाहिला की आपल्यात काय घडतं, तेवढंच सांगितलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या आरंभी आपण जे मंगलाचरण म्हणतो, तेही वंदन कशासाठी करतो हे सांगतं: त्याच गुणांच्या प्राप्तीसाठी. वस्तू मागणं आणि तसं होण्याची दिशा धरणं यात हा फरक आहे.

स्तवन वाचून दाखवलं तेव्हा गटातल्या एक काकू गप्प होत्या. काकांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. त्या म्हणाल्या, “सगळं बरोबर हाय रे बाळा. पर रात्री दोन वाजता त्यांना धाप लागली की तोंडातनं ‘वाचव देवा’ असंच येतंय. मग मी मिथ्यात्वी का?”

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर द्यायला कुणाचीच जीभ उचलली नाही. पण मूलाचारात हाच प्रश्न आहे, आणि तो त्यातल्या चतुर्विंशतिस्तवातच आहे. तिथे भक्त म्हणतो की जिनवर मला आरोग्य, बोधिलाभ आणि समाधी देवोत. लगेच शंका येते: हे निदान नाही का? निदान म्हणजे धर्माच्या बदल्यात फळाची अट, तीन शल्यांपैकी एक. उत्तर दिलंय की ही असत्यमृषा भाषा आहे, म्हणजे सत्यही नाही आणि असत्यही नाही. ही भक्तीने बोललेली भाषा आहे. ज्यांचे राग-द्वेष क्षीण झाले ते समाधी किंवा बोधी देत नाहीत. त्यांना जे द्यायचं होतं ते त्यांनी केव्हाच दिलंय: दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याचा उपदेश.

मला यातलं पहिलं वाक्य फार मोठं वाटतं. रात्री दोन वाजताच्या हाकेला आचार्य खोटं म्हणत नाहीत. ती माहिती नाही, करार नाही, हाक आहे. काकूंना तेवढंच सांगितलं. पण त्याच उत्तराचा दुसरा भाग स्तवन लिहिणाऱ्याला बांधून ठेवतो. हाक तोंडातून निघते. स्तवन आपण शांतपणे, विचार करून, दहा जणांच्या तोंडी देण्यासाठी लिहितो. पोरं ते पाठ करतात आणि त्यावरून देव कसा असतो हे शिकतात. त्यात ‘प्रभू संकट हरतात’ असं लिहिलं आणि उद्या काका गेले, तर काकूंच्या हाती काय राहतं? एक तर प्रभूंनी ऐकलं नाही, नाहीतर आपली भक्ती कमी पडली. दोन्ही खोटं आहे आणि दोन्ही क्रूर आहे. मागणं नसलेलं स्तवन त्यांना औषध देत नाही, पण हा दोषही त्यांच्या माथी मारत नाही. कमठ आणि धरणेंद्र दोघे आले-गेले तरी न हललेलं असं काहीतरी आहे, एवढं ते दाखवतं.

यात एक धोका मात्र आहे. ‘आम्ही मागत नाही’ याचाच अभिमान होऊ शकतो. नवस बोलायला क्षेत्रपालाकडे किंवा पद्मावतीकडे जाणाऱ्या आपल्याच माणसांकडे तोंड वाकडं करून पाहिलं जातं. तसं झालं तर ओळखायचं की स्तवन जिभेवरच राहिलं. दोघांवर सारखी दृष्टी गाणाऱ्याने शेजारच्या नवस बोलणाऱ्या मावशीवर भुवई उंचावली, तर शेवटचं कडवं त्याच्यासाठीच आहे.

सप्तमीला म्हणण्याआधी काकूंनी एक बदल सुचवला. त्या म्हणाल्या, “‘क्रोध स्वतःचा’ म्हणता, तिथं मी मनात ‘भीती’ म्हणीन. मला तीच दिसत्या.” मात्रा एक जास्त होते. पण ओळ त्यांना चालते, तर आम्हालाही चालते.

जय जिनेंद्र.