रडीचा डाव

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत सगळीकडे फरशी होती. मातीची जागा एकच, नळाच्या मागची. तिथे टाच फिरवून आम्ही गल करायचो आणि गोट्या खेळायचो. डाव्या हाताचा अंगठा जमिनीला टेकवायचा, मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरून बोट मागे ताणायचं आणि सोडायचं. समोरच्याची गोटी टिपली की ती आपली. अट एकच : आपली गोटी जिथे थांबली असेल, अंगठा तिथेच टेकवायचा.

ही अट मी रोज मोडायचो. वाकताना अंगाचा आडोसा करून अंगठा वीतभर पुढे न्यायचो. दोन वितींवरची गोटी एका वितीवर आली की नेमाला दुप्पट मोठी होते. हरणं शक्यच नव्हतं. मे महिना संपेपर्यंत डालड्याचा डबा काठोकाठ भरला.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. बाकीच्यांचा नेम सुधारत होता. माझा जून महिन्यातही तिथेच होता, एका वितीवर.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली खेळावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं आहे. गोटी उचलून खिशात टाकणं सगळ्यात सोपं, तरी आपण लांबून नेम धरतो. ही अडचण आपण आपणहून स्वीकारतो, म्हणून तर तो खेळ होतो. नियम मोडणारा म्हणजे ती अडचणच टाळणारा. मग तो खेळतच नसतो, आणि जो खेळत नाही तो जिंकणार कसा?

लहानपणी हे कुठलं कळायला! मला ते वेगळ्या रीतीने कळलं. पावसाने उघडीप दिली होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाची गोटी चांगली सहा विती लांब होती. सगळे बघत होते, त्यामुळे अंगठा हलवता येईना. तसाच नेम धरला आणि गोटी सोडली. टक्! लागली.

मी ओरडलो. कुणीच ओरडलं नाही. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "घे. तू हात सरकवतोस, माहितीये आम्हाला."

"आईशप्पथ, आत्ता नाही सरकवला!"

"बरं," तो म्हणाला आणि गोटी माझ्या हातावर ठेवून जिना चढून गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री मी डबा पलंगावर ओतला. त्यातली ती एक खरी गोटी मला शोधायची होती. तीही हिरवीच होती, इतरांसारखी. सापडली नाही.