खाड्याचा हिशेब

उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की उमरखेडमधल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या दोन-चार दिवसांत रिकाम्या होतात. कोणी बंदी भागातल्या आपल्या गावी निघतं, कोणी ढाणकीकडे, कोणी पैनगंगा ओलांडून हदगाव-हिमायतनगरकडे. गाद्या बांधल्या जातात, पुस्तकं मागच्या वर्गातल्या मुलांना दिली जातात, खोलीमालकाकडून अनामत परत घेतली जाते. मेसवाल्या काकूंचा निरोप मात्र दारात उभ्याउभ्याच होतो. “येतो काकू, जेवण छान होतं.” जिथे तीन वर्षं दोन्ही वेळ जेवलो, तिथला निरोप एवढ्यात आटोपतो.

जेवण छान होतं, हे एका वेळेला आलेला पाहुणाही म्हणतो. शिवाय त्या जेवणाचे पैसे आपण मोजलेले असतात. आभार मानायचे ते पैशात न आलेल्या गोष्टींचे. त्या कोणत्या, हे कळायला मेसचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

धरा, दोन वेळचे महिन्याला 2,400 रुपये. म्हणजे 60 जेवणं आणि एका ताटाला 40 रुपये. या 40 रुपयांत पीठ, डाळ, तांदूळ, तेल, भाजी तर आहेच. पण गॅस, जागेचं भाडं आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरीही आहे. आता एक मुलगा सणाला पाच दिवस गावी गेला. त्याने आदल्या दिवशी सांगितलं, तर काकू दहा जेवणांचा खाडा धरतात आणि 400 रुपये कमी घेतात. पण त्यांचे खरे वाचले किती? तेवढं पीठ कमी मळलं, मूठभर डाळ कमी लागली. भाडं तेच राहिलं, पोळीवाल्या बाईंची मजुरी तीच राहिली. ताटामागे किराणा आणि भाजी 22 रुपयांची धरली, तर त्यांचे वाचले 220 आणि त्यांनी सोडले 400. उरलेले 180 रुपये त्यांनी आपल्या खिशातून दिले.

एका दिवसाचा खाडा मिळत नाही, म्हणून मुलं कुरकुरतात. त्याचं कारणही याच हिशेबात आहे. मेस अंदाजावर चालते. चाळीस मुलं जेवणार म्हणून कणीक मळली, वरण शिजलं आणि ऐन जेवणाच्या वेळी तिघे आलेच नाहीत, तर ते अन्न कोणाच्या वहीत लिहायचं? म्हणून सलग तीन-चार दिवस आणि आदल्या दिवशी निरोप, असा नियम बहुतेक मेसमध्ये असतो. एखाद्या मुलाला घरून अचानक बोलावणं आलं आणि त्याने आधी सांगितलं नसतानाही काकूंनी तो नियम मोडून खाडा धरला, तर ती गोष्ट आठवणीत ठेवायची असते.

दुसरी गोष्ट उधारीची. आदिवासी विकास विभागाने 2018 साली अनेक शासकीय वसतिगृहांतलं जेवण बंद करून त्याचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायला सुरुवात केली. या निर्णयाविरुद्ध त्याच वर्षी जुलैमध्ये मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून असलेल्या स्वाधार योजनेतही जेवणाचा पैसा खात्यातच येतो. हा पैसा हप्त्यांनी येतो आणि हप्ता लांबला तरी भूक लांबत नाही. मधले महिने निभावून नेते ती मेस. दहा मुलांचे दोन महिने थकले, तर वरच्याच दराने 48,000 रुपये अडकतात. तोवर काकूंची स्वतःची उधारी किराणा दुकानात चढत असते आणि दुकानदार काही सरकारी हप्त्याची वाट पाहत नाही. “पैशाचं पाहू मंग बाबू, आधी जेवून घे,” हे वाक्य बोलायला सोपं आहे. त्यामागे एवढी रक्कम उभी असते.

हे एकदा कळलं की निघताना काकूंना द्यायच्या आभाराच्या चिठ्ठीत काय लिहायचं, ते शोधावं लागत नाही. पुसद तालुक्यातून शिकायला आलेल्या एखाद्या मुलाची चिठ्ठी अशी असू शकते:

“काकूंना सादर नमस्कार. परवा गावी निघतो आहे. मे महिन्याचे पैसे आज दिले, वहीत जमा पाहून घेतली. माझ्याकडचे दोन्ही डबे घासून सोबत पाठवले आहेत.

दुसऱ्या वर्षी माझा हप्ता दिवाळीनंतर आला. तोवर तुम्ही एकदाही पैशाचं विचारलं नाही आणि इतर मुलांना कळूही दिलं नाही. मी शिक्षण सोडून कामाला लागायच्या विचारात होतो. तुमच्यामुळे ती वेळ आली नाही. मला ताप आला तेव्हा चार दिवस तिखट भाजीऐवजी मुगाची खिचडी डब्यात आली. ती मी मागितली नव्हती, माझ्या खोलीतल्या मित्राकडून तुम्ही चौकशी केली होती. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी असली की तुम्ही मला भाकर वेगळी ठेवायच्या, कारण मी पोळीपेक्षा भाकर खातो हे तुमच्या लक्षात होतं. पोळीवाल्या मावशींनाही माझा नमस्कार सांगा. आमच्या गावातला एक मुलगा जूनमध्ये उमरखेडला येतो आहे, त्याला तुमचाच पत्ता दिला आहे. काकांना नमस्कार.”

खाली नाव, गाव आणि वर्ष. एवढं पुरे. या चिठ्ठीत अन्नपूर्णा नाही, दुसरी आई नाही, उपकार कधी फिटणार नाहीत असंही नाही. मोठे शब्द कोणत्याही काकूंना चालतात. तुरीच्या सोल्यांची आमटी आणि वेगळी ठेवलेली भाकर मात्र एकाच घरची असते. वाचणाऱ्या बाईला कळतं, की आपण केलेलं या मुलाने पाहिलं होतं. पोळीवाल्या मावशींचा उल्लेख आला की त्यांचं कामही त्याने पाहिलं होतं, हे कळतं. त्यांच्या हातच्या पोळ्या रोज सगळे खातात, पण आभारात त्या बहुधा सुटतात.

उधारीचा उल्लेख करताना थोडं जपावं. ही चिठ्ठी भिंतीवर लागू शकते, नव्या मुलांना दाखवली जाऊ शकते. सगळ्यांनी ते वाचू नये असं वाटत असेल, तर तेवढं तोंडी सांगावं आणि बाकीचं कागदावर लिहावं. स्टेटसवर फोटो टाकून भागवू नये. तो एका दिवसात जातो आणि बऱ्याचदा काकूंपर्यंत पोचतही नाही.

उमरखेडची महाविद्यालयं ज्या अमरावती विद्यापीठात मोडतात, त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न पहिलं येतं, गरिबांच्या मुलांचं शिक्षण त्यानंतर. प्राचार्यांची आणि कुलगुरूंची नोंद कागदोपत्री कुठे ना कुठे राहते, मेसची कुठेच राहत नाही. ती नोंद करणं विद्यार्थ्याच्याच हातात आहे.

तेव्हा गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी तीन कामं करा. राहिलेली बाकी चुकती करा, डबे परत द्या आणि शेवटचं जेवण कधी ते आधी सांगा, म्हणजे तुमच्या नावाची कणीक वाया जाणार नाही. मग चिठ्ठी द्या. बाकी ठेवून दिलेल्या आभाराला किंमत नसते.