‘अर्जंट’ म्हणजे काय रे?

‘सर, एलओआर पाहिजे होतं. अर्जंट.’ दीड वर्षापूर्वी सोडलेल्या कंपनीतल्या मॅनेजरना तू एवढंच पाठवलंस आणि उत्तर आलं नाही म्हणून तोंड पाडून माझ्यासमोर बसलायस? काय उत्तर द्यायचं त्यांनी? कोणता कोर्स, कोणतं विद्यापीठ, कधीपर्यंत, यातलं एक अक्षर तू सांगितलं नाहीस. तुझ्यानंतर त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली असतील. तू काय काम केलंस हे आठवून काढणं त्यांचं काम नाही, तुझं आहे.

नोकरीच्या तारखा आणि हुद्दा अनुभव प्रमाणपत्रात येतात, ते एचआर देतं. शिफारसपत्रात मॅनेजरने लिहायचं ते त्यांनी स्वतः पाहिलेलं. म्हणून त्यांना प्रसंग दे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका सवलतीच्या बिलावर कर दोनदा लागत होता, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी तो घोळ तू पकडलास, असं तूच मला सांगितलं होतंस ना? मग लिही तसं: ‘तुम्ही तेव्हा रिलीज एक दिवस थांबवलं होतं, आणि पुढे सवलतीच्या सगळ्या बिलांच्या चाचण्या मी ऑटोमेट केल्या.’ एवढं वाचलं की त्यांना तू आठवशील आणि पत्राचा मधला परिच्छेदही सापडेल. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असली विशेषणं पुरवू नकोस. ती कुणाच्याही पत्रात बसतात.

आणि अख्खं पत्र लिहून ‘फक्त सही करा’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडे ही खोड फार आहे. तू अर्ज करतोयस अमेरिकेत. तिथे बहुतेक ठिकाणी तू फॉर्ममध्ये त्यांचा ईमेल भरतोस, लिंक थेट त्यांना जाते आणि पत्र तेच चढवतात. त्यांच्या नावाने तू लिहिलेलं पत्र ही फसवणूक आहे. उघडकीस आली तर प्रवेश जाऊ शकतो. पत्ता शक्यतो ऑफिसचाच लागतो, जीमेल काही विद्यापीठं घेत नाहीत. ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत, तेव्हा कोणता पत्ता घालू हे आधी विचार. लिंक स्पॅममध्ये जाऊ शकते, तेही कळव. पत्र पाहण्याचा हक्क सोडतोस का, असं फॉर्म तुला विचारेल, सोड. अर्जदार वाचणार नाही अशा पत्रावर जास्त विश्वास ठेवतात.

मुदत १५ डिसेंबर, आज २० नोव्हेंबर. हे ‘अर्जंट’ नव्हे, पुरेसा वेळ आहे, आणि तोच तू त्यांच्यापासून लपवलास! तारीख स्पष्ट लिही, रेझ्युमे जोड. शेवटी हेही लिही: ‘वेळ नसेल किंवा माझ्याबद्दल खात्रीने लिहिता येणार नसेल, तर निःसंकोच नाही म्हणा.’ ओढूनताणून लिहिलेलं पत्र तुझं नुकसानच करेल, आणि नकार आज कळला तर दुसऱ्या कुणाला विचारता येईल.

काढ तो फोन. आधी माफी माग, मग हे सगळं लिही, आणि पाठवायच्या आधी मला दाखव.