पहिल्यांचे तिप्पट

गंगापूर रोडवरच्या एका लग्नात जुने परिचित भेटले. बोलता बोलता बुडालेल्या योजनांचा विषय निघाला, तसे ते म्हणाले, "स्कीम वाईट नव्हती हो. मला माझे पैसे वेळेवर मिळाले. लोक घाबरले, सगळ्यांनी एकदम मागायला सुरुवात केली, पोलिसांनी खाती गोठवली, म्हणून बुडाली." त्यांच्या ओळखीने त्याच योजनेत पैसे टाकलेल्या एका विधवा बाईंना आजवर रुपया मिळालेला नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

नाशिककरांना हा विषय नव्याने सांगायला नको. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर केबीसी मल्टिट्रेडच्या ठेवीदारांच्या रांगा पोलीस ठाण्याबाहेर लागल्या होत्या. तीन वर्षांत तिप्पट, असं आश्वासन मिळाल्याची त्यांची तक्रार होती. कंपनीचे प्रमुख भाऊसाहेब चव्हाण सिंगापूरला निघून गेले होते. मे २०१६ मध्ये परतताना मुंबई विमानतळावर त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मैत्रेयच्या ठेवीदारांचं प्रकरणही नाशिकमध्ये गाजलं. त्यात कोणी काय केलं ते न्यायालय ठरवेल. मला इथे फक्त 'तीन वर्षांत तिप्पट' या तीन शब्दांचा हिशेब मांडायचा आहे.

त्या काळात बँकेची मुदत ठेव साधारण नऊ टक्क्यांनी मिळत होती. त्या दराने पैसा तिप्पट व्हायला बारा-तेरा वर्षं लागतात. तीन वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस टक्के, तेही दरवर्षी न चुकता. एवढं उत्पन्न देणारा धंदा मागे नसेल, तर जुन्यांना द्यायचे पैसे नव्यांच्या ठेवींतूनच येणार.

आता एक काल्पनिक योजना घेऊ. तिचा चालक पूर्ण प्रामाणिक आहे, स्वतःसाठी पैसाही घेत नाही. फक्त वीस टक्के एजंटांच्या कमिशनमध्ये जातात. पहिल्या वर्षी एक कोटी जमले, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, चौथ्या वर्षी आठ. त्यानंतर वाढ थांबली, पण ठेवी घटल्या नाहीत. दरवर्षी आठ कोटी येतच राहिले. पहिली तीन वर्षं कोणालाच काही द्यायचं नाही. चौथ्या वर्षी पहिल्यांना तीन कोटी दिले, पाचव्या वर्षी दुसऱ्यांना सहा. कमिशन आणि हे वाटप वजा जाता पाचव्या वर्षाअखेर तिजोरीत नऊ कोटी चाळीस लाख उरतात. इतकी रोकड त्या योजनेकडे आधी कधीच नव्हती. एकाही माणसाचे पैसे एक दिवसही लांबलेले नाहीत. कार्यालय झगमगीत आहे, एजंट नव्या गाड्यांतून फिरत आहेत, आणि माझे परिचित लग्नात सांगत आहेत की योजना उत्तम आहे.

त्याच दिवशी त्या योजनेच्या डोक्यावर साठ कोटींचं देणं आहे.

दिवाळं निघणं आणि रोकड संपणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. योजनेचं दिवाळं पहिल्याच दिवशी निघालेलं असतं: एक लाख घेतले, वीस हजार कमिशनमध्ये गेले, ऐंशी हजार हातात आणि तीन लाखांचं देणं. रोकड मात्र कित्येक वर्षांनी संपते. आपण दुसऱ्या घटनेला बुडणं म्हणतो आणि तिच्या आधीच्या आठवड्यात कारण शोधतो: अफवा, घबराट, पोलीस. आपल्या उदाहरणात सहाव्या वर्षी बारा कोटी दिल्यावर तिजोरीत तीन कोटी ऐंशी लाख उरतात. सातव्या वर्षी चोवीस कोटी द्यायचे असतात. नव्या ठेवी आठ कोटीच आल्या तरी जवळजवळ चौदा कोटी कमी पडतात. कोणी घाबरलं नाही, कोणी चोरी केली नाही, ठेवीही आटल्या नाहीत. फक्त त्या वाढायच्या थांबल्या. वीस टक्के कमिशन देऊन ही योजना चालू ठेवायची तर ठेवी दर तीन वर्षांनी पावणेचारपट व्हाव्या लागतात. हजार ठेवीदारांपासून सुरुवात केली आणि प्रत्येकाची ठेव सारखीच धरली, तर आठव्या फेरीला एक कोटीहून जास्त माणसं लागतील. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या एकसष्ट लाखांच्या आसपास होती, तान्ही मुलं धरून.

माझे परिचित यावर म्हणतील, की बहुतेक लोक पैसे काढत नाहीत, पुन्हा गुंतवतात. ते खरं आहे, आणि म्हणूनच योजना दीर्घायुषी वाटते. पण न काढलेले तीन लाख पुढच्या तीन वर्षांत नऊ लाखांचं देणं होतात. पुनर्गुंतवणूक दिवस पुढे ढकलते आणि खड्डा मोठा करते. ते असंही म्हणतील, की बँकसुद्धा सगळ्यांना एकदम पैसे देऊ शकणार नाही. नाही देऊ शकणार. पण बँकेचा पैसा कर्जदारांकडे असतो आणि ते हप्ते भरत असतात. तिला कमी पडतो तो वेळ. या योजनेला कितीही वेळ दिला तरी तिच्याकडे कुठूनही काही येणार नसतं.

वेळेवर पैसे मिळाले, हा पुरावा किती फसवा आहे ते बोस्टन शहराने १९२० सालीच पाहिलं होतं. चार्ल्स पाँझी पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देत होता. परदेशी टपालाची उत्तर-कूपनं स्वस्तात घेऊन महाग विकतो, असं तो सांगे. लोकांनी धाव घेतली तेव्हा त्याने रांगेतल्यांना पैसे दिले आणि त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला. वित्त-पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी रांगेकडे न बघता कूपनं मोजली. त्याच्या धंद्याला सोळा कोटी कूपनं लागली असती. जगात चलनात होती जेमतेम सत्तावीस हजार. उत्पन्नाचं साधन सांगितलं की त्याचा आकार मोजता येतो, आणि अशा योजना बहुधा तिथेच पकडता येतात.

लोकांना एवढं गणित शिकवलं की काम झालं, असं मला लिहायच्या आधी वाटत होतं. पण आकडे कागदावर मांडल्यावर ते पुरेसं वाटेना. कारण ज्याला गणित येतं तो पहिल्या वर्षी पैसे टाकून चौथ्या वर्षी बाहेर पडू शकतो. त्याच्यासाठी ती योजना खरंच चांगली आहे.

सहाव्या वर्षाअखेरचा हिशेब पाहा. पैसे न मिळालेल्यांच्या मुदलाचे चोवीस कोटी अडकले आहेत. ते हवेत विरले नाहीत. तीन कोटी ऐंशी लाख तिजोरीत आहेत, सहा कोटी वीस लाख एजंटांकडे गेले, आणि चौदा कोटी पहिल्या तीन वर्षांच्या ठेवीदारांनी मुदलाहून जास्त नेले. बेरीज बरोबर चोवीस. माझ्या परिचितांना मिळालेला नफा म्हणजे त्या बाईंसारख्यांची ठेवच.

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली चालकांची मालमत्ता जप्त होते. पण चालकांची मालमत्ता विकून जे येईल तेच वाटायचं, ही माझ्या मते अर्धी वसुली आहे. अमेरिकेत बर्नार्ड मेडॉफचा कारभार २००८ मध्ये उघडा पडल्यावर विश्वस्त आयर्विंग पिकार्ड यांनी प्रत्येकाने किती भरले आणि किती काढले एवढंच पाहिलं. कागदावर दाखवलेला नफा त्यांनी मानला नाही, ज्यांनी भरल्यापेक्षा जास्त काढले होते त्यांच्याकडून परत मागितले, आणि न्यायालयानेही हिशेबाची ही पद्धत मान्य केली.

याला एक आक्षेप येईल, आणि तो मला टोचतो: नफा घेतलेल्यांत साधी माणसंही असतात. कोणी त्या पैशात मुलीचं लग्न केलं, कोणी विहीर खणली, आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अशांना मुद्दल ठेवू द्यावं, नफ्याच्या परतफेडीला हप्ते द्यावेत, अगदी गरिबाला सूट द्यावी. पण कमिशनला सूट नको. ज्याने नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या ठेवींवर वीस टक्के घेतले, त्याला 'माझेही पैसे बुडाले' असं सांगून सुटता येऊ नये. त्याच्या बुडालेल्या ठेवीतून त्याने घेतलेलं कमिशन आधी वजा करावं आणि उरलं तर त्याला रांगेत उभं करावं.